चार बिट एएलयू प्रकल्पाच्या अहवालाची प्रस्तावना कशी लिहावी

दुसऱ्या वर्षाच्या डिजिटल प्रयोगशाळेत चार बिट एएलयूचे प्रकल्प तपासताना माझ्यासमोर दर सत्रात जवळजवळ एकच प्रस्तावना येते. एएलयू हा सीपीयूचा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो, तो अंकगणिती आणि तार्किक क्रिया करतो, आधुनिक संगणकात त्याचे स्थान मोलाचे आहे, अशी वाक्ये पानभर चालतात. पान संपले तरी या गटाने बांधलेला एएलयू किती क्रिया करतो, वजाबाकी कशी करतो आणि ऋण संख्या मानतो की नाही, यातले काहीच कळलेले नसते. त्याच गटाचा ब्रेडबोर्ड मात्र शेजारच्या टेबलावर व्यवस्थित चालत असतो. काम झालेले असते, पण अहवालाच्या पहिल्या पानावर ते दिसत नाही.

या लेखात मी फक्त प्रस्तावनेबद्दल लिहिणार आहे. कृती, निरीक्षण तक्ता आणि निष्कर्ष यांना प्रस्तावनेचा संबंध येईल तेवढाच स्पर्श करेन. आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो. तरीही काय लिहायचे आणि कोणत्या क्रमाने लिहायचे हे आधी मराठीत पक्के केले, तर भाषांतर करताना वाक्ये पोकळ होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. म्हणून खालील नमुना मराठीतच दिला आहे.

उदाहरणासाठी घेतलेला एएलयू

नुसत्या सूचना देण्यापेक्षा एक ठरावीक परिपथ समोर ठेवू. दोन निवड रेषा, `S1` आणि `S0`, आणि त्यांच्यावर चार क्रिया:

```
S1 S0   क्रिया
0  0    A + B
0  1    A - B
1  0    A AND B
1  1    A OR B
```

बेरजेसाठी 7483 हा चार बिटांचा बेरीजकारक आहे. `B` चे चारही बिट 7486 च्या चार एक्सऑर गेटांतून बेरीजकारकाकडे जातात आणि त्या गेटांचा दुसरा इनपुट `S0` ला जोडलेला आहे. हाच `S0` बेरीजकारकाच्या सुरुवातीच्या हातच्यालाही, म्हणजे `C0` ला, जोडलेला आहे. अँडसाठी 7408, ऑरसाठी 7432 आणि चारपैकी एक उत्तर निवडण्यासाठी 74153 चे दोन आयसी आहेत, कारण एका 74153 मध्ये दोनच मल्टिप्लेक्सर असतात. एकूण सहा आयसी झाले. हा परिपथ दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका दुपारी बांधता येतो आणि प्रस्तावनेत सांगण्यासारखे जे काही असते ते सगळे त्यात आहे.

पहिली पायरी: लिहायला बसण्याआधी एक कोरे पान

प्रस्तावना संगणकावर टाइप करायला घेऊ नका. आधी एका कोऱ्या पानावर पाच प्रश्नांची उत्तरे ब्रेडबोर्डकडे पाहून लिहा. इनपुट आणि आउटपुट किती बिटांचे आहेत? क्रिया कोणत्या आणि त्यांचे संकेत कोणते? वजाबाकी कोणत्या पद्धतीने होते? बाहेर कोणत्या सूचक खुणा, म्हणजे फ्लॅग, दाखवले आहेत? किती आणि कोणती निरीक्षणे घेतली?

हे सोपे वाटते, पण गट इथेच अडखळतो. एका विद्यार्थिनीने तिसऱ्या प्रश्नासमोर लिहिले होते, “सबट्रॅक्टरने.” तिच्या बोर्डवर सबट्रॅक्टर नव्हताच, `B` उलटा करून त्यात एक मिळवण्याचे काम एक्सऑर आणि सुरुवातीचा हातचा करत होते. परिपथ तिनेच जोडला होता आणि तो बरोबर चालत होता. फक्त आपण काय केले हे तिने शब्दांत कधी मांडले नव्हते. त्या एका उत्तराच्या दुरुस्तीतून तिच्या प्रस्तावनेचा मधला परिच्छेद तयार झाला.

याच पानावर बिटांचे क्रमांकही ठरवून टाका. 7483 च्या माहितीपत्रकात बिट १ ते ४ असे मोजलेले असतात, तर आपण वर्गात बहुधा ० ते ३ असे मोजतो. प्रस्तावनेत `A3` म्हणायचे आणि आकृतीत `A4`, असे झाले की वाचणाऱ्याला सर्वांत वरचा बिट कोणता हेच कळत नाही.

दुसरी पायरी: पहिले वाक्य

पहिल्या वाक्यातच हा एएलयू ओळखू आला पाहिजे. त्यासाठी मी एक कसोटी वापरतो: हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही गटाच्या एएलयूच्या अहवालात जसेच्या तसे बसते का? बसत असेल, तर ते खोडावे.

“एएलयू हा संगणकाचा महत्त्वाचा घटक आहे” हे वाक्य सगळ्या अहवालांत बसते. “या प्रकल्पात चार बिटांच्या दोन संख्यांवर बेरीज, वजाबाकी, अँड आणि ऑर या चार क्रिया करणारा एएलयू टीटीएल आयसी वापरून ब्रेडबोर्डवर बांधला आहे” हे वाक्य आठ क्रियांच्या किंवा व्हेरिलॉगमध्ये लिहिलेल्या एएलयूच्या अहवालात बसणार नाही. त्यात विशेषणे नाहीत, तरीही ते अधिक सांगते. पहिल्या वाक्यात किती बिट, कोणत्या क्रिया आणि कशाने बांधले या तीन गोष्टी आल्या की पुरे.

तिसरी पायरी: पार्श्वभूमी, पण मोजकी

पार्श्वभूमी तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त नको. ती इतिहास सांगण्यासाठी नसते. वाचणाऱ्याच्या मनात उठणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असते. चार बिट एएलयूच्या बाबतीत तो प्रश्न उघड आहे: हातातला मोबाइल चौसष्ट बिटांचा असताना चार बिटांचा एएलयू कशासाठी?

याचे खरे उत्तर देता येते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७० मध्ये आणलेला 74181 हा एकाच चिपवरचा एएलयू चार बिटांचाच होता आणि असे अनेक आयसी शेजारी शेजारी जोडून त्या काळचे सोळा बिटांचे संगणक बांधले गेले. झायलॉगचा झेड-८० हा आठ बिटांचा प्रोसेसर १९७६ मध्ये आला. त्याच्या आत एएलयू चार बिटांचा होता आणि आठ बिटांची क्रिया तो दोन फेऱ्यांत करत असे. म्हणजे चार बिट हा केवळ शिकण्यासाठी केलेला छोटा नमुना नाही. मोठा एएलयू ज्या तुकड्यांनी बांधता येतो त्यांतला तो एक तुकडा आहे. एवढे एक-दोन वाक्यांत सांगितले की पार्श्वभूमी आपल्या परिपथाला येऊन मिळते. एडव्हॅकचा अहवाल, व्हॅक्यूम ट्यूब आणि पहिल्या पिढीचे संगणक यांची इथे गरज नाही, कारण त्यातून सहा आयसींच्या या बोर्डबद्दल काहीही कळत नाही.

अर्धबेरीजकारक आणि पूर्णबेरीजकारक यांचे सत्यकोष्टकही प्रस्तावनेत घालू नका. परीक्षकांना ते माहीत असते आणि सिद्धांताचा विभाग त्यासाठीच असतो.

चौथी पायरी: रचनेतला प्रश्न आणि त्याचे उत्तर

प्रस्तावनेचा हा सगळ्यांत मोलाचा परिच्छेद असतो आणि बहुतेक अहवालांत तोच गायब असतो. प्रकल्प करताना तुम्ही एखादा निर्णय घेतलेला असतो. तो काय होता आणि का घेतला, हे इथे सांगायचे असते.

आपल्या उदाहरणात प्रश्न वजाबाकीचा आहे. बेरजेसाठी एक आणि वजाबाकीसाठी दुसरा असे दोन परिपथ बांधता आले असते. त्याऐवजी टूज कॉम्प्लिमेंटचा आधार घेऊन एकाच बेरीजकारकाकडून दोन्ही कामे करून घेतली आहेत, कारण `A - B` म्हणजेच `A` अधिक उलटा `B` अधिक एक. `S0` शून्य असताना एक्सऑर गेटे `B` जसाच्या तसा पुढे सोडतात आणि सुरुवातीचा हातचा शून्य राहतो. `S0` एक झाला की तीच गेटे `B` चे सगळे बिट उलटतात आणि हातचाही एक होतो. एका रेषेने दोन्ही गोष्टी एकदम होतात, म्हणून वजाबाकीसाठी वेगळी नियंत्रण रेषा लागत नाही.

प्रस्तावनेत लिहिण्यापूर्वी हे एका आकड्यावर तपासून पाहा, म्हणजे शब्द नेमके येतात. ७ वजा ३ घ्या:

```
A            0111
उलटा B       1100
C0              1
             ----
C4 = 1       0100
```

उत्तर ४ आले आणि शेवटचा हातचा एक आला. आता ३ वजा ७ करून पाहा: `0011 + 1000 + 1` म्हणजे `1100`, आणि हातचा शून्य. `1100` हे टूज कॉम्प्लिमेंटमध्ये −४ आहे. यावरून एक गोष्ट दिसते जी विद्यार्थी हमखास उलटी लिहितात: या रचनेत वजाबाकीच्या वेळी हातचा एक असणे म्हणजे उसना घ्यावा लागला नाही, आणि हातचा शून्य असणे म्हणजे उसना घ्यावा लागला. प्रस्तावनेत “`C4` हा वजाबाकीत बॉरो दाखवतो” असे लिहिले आणि निरीक्षण तक्त्यात ७ वजा ३ समोर `C4 = 1` असले, तर तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न काय असेल हे सांगायला नको.

याच परिच्छेदात आणखी एक चूक सहज शिरते. पुस्तकात चार पूर्णबेरीजकारक एकापुढे एक जोडलेली आकृती असते, म्हणून गट प्रस्तावनेत “रिपल कॅरी ॲडर वापरला आहे” असे लिहून मोकळा होतो. पण आजच्या प्रयोगशाळेत मिळणाऱ्या एलएस मालिकेतील 7483 मध्ये हातचा एका बिटाकडून दुसऱ्याकडे झिरपत जात नाही. चारही बिटांसाठी तो आतच आगाऊ काढला जातो. चार स्वतंत्र पूर्णबेरीजकारक गेटांनी बांधले असतील तरच रिपल म्हणा. 7483 वापरला असेल तर “चार बिटांचा समांतर बेरीजकारक” म्हणणे सुरक्षित आणि खरे आहे.

पिन क्रमांक मात्र इथे नकोत. 7483 ला पाच व्होल्ट पाचव्या पिनवर आणि ग्राउंड बाराव्या पिनवर द्यावे लागते. इतर आयसींसारखे कोपऱ्यातल्या पिनांवर देण्याच्या सवयीमुळे इथे चूक होते. ही माहिती कृतीच्या विभागात अगदी ठळक असावी. प्रस्तावनेत ती वाक्याला अडथळा करते.

पाचवी पायरी: मर्यादा आधीच सांगणे

मर्यादा लिहिल्या तर गुण कमी होतील, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. मी अहवाल तपासतो तेव्हा उलटे घडते: मर्यादा प्रस्तावनेतच असली तर पुढच्या तक्त्यातले विचित्र दिसणारे निरीक्षण मला चूक वाटत नाही. चार बिट एएलयूच्या तीन मर्यादा अशा आहेत की त्या सांगितल्याशिवाय अहवाल अपुरा राहतो.

पहिली मर्यादा संख्यांच्या पल्ल्याची. चार बिटांत चिन्हरहित संख्या ० ते १५ आणि चिन्हांकित संख्या −८ ते +७ एवढ्याच बसतात. ५ अधिक ६ केले की एलईडींवर `1011` उमटते आणि हातचा शून्य असतो. चिन्हरहित मानले तर हे ११ आहे आणि उत्तर बरोबर आहे. चिन्हांकित मानले तर हे −५ आहे आणि उत्तर चूक आहे. परिपथ दोन्ही वेळा तेच करतो. अर्थ आपण लावतो. म्हणून तुमचा अहवाल कोणता अर्थ धरतो, हे प्रस्तावनेत एका वाक्यात ठरवून टाका. दोन्ही धरणार असाल तर तेही सांगा.

दुसरी मर्यादा ओव्हरफ्लोची आहे आणि ती थोडी सविस्तर समजून घेण्यासारखी आहे. चिन्हांकित बेरीज पल्ल्याबाहेर गेली हे ओळखण्याचे प्रसिद्ध सूत्र म्हणजे सर्वांत वरच्या बिटात आलेला हातचा आणि त्यातून बाहेर गेलेला हातचा यांचा एक्सऑर. वर्गात हे सूत्र शिकवले जाते, म्हणून गट प्रस्तावनेत “ओव्हरफ्लो फ्लॅग दिला आहे” असे लिहून टाकतो. पण 7483 च्या बाहेर फक्त शेवटचा हातचा `C4` येतो. वरच्या बिटात आलेला `C3` आयसीच्या आतच राहतो आणि त्याला पिन नाही. तो काढायचा असेल तर मागून काढावा लागतो. वरच्या बिटाची बेरीज ही त्या बिटाचे दोन इनपुट आणि आलेला हातचा यांचाच एक्सऑर असल्यामुळे, त्याच तीन गोष्टींवरून हातचा परत मिळतो:

```
C3 = A3 ^ X3 ^ F3
V  = C3 ^ C4
```

इथे `X3` म्हणजे उलटवण्याच्या गेटातून बाहेर आलेला `B` चा वरचा बिट आणि `F3` म्हणजे बेरीजकारकाचा वरचा आउटपुट. ५ अधिक ६ मध्ये `A3` शून्य, `X3` शून्य आणि `F3` एक, म्हणून `C3` एक. `C4` शून्य असल्यामुळे `V` एक येतो आणि ओव्हरफ्लो बरोबर पकडला जातो. यासाठी तीन एक्सऑर गेटे लागतात. पण पहिल्या 7486 ची चारही गेटे `B` उलटण्यात गुंतलेली असल्यामुळे दुसरा 7486 आणावा लागतो, म्हणजे आयसी सात होतात. सामानाच्या यादीत एकच 7486 आहे आणि प्रस्तावना ओव्हरफ्लो फ्लॅग असल्याचे सांगते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आयसी मोजले की खरेखोटे लगेच कळते. सहाच आयसी वापरले असतील तर सरळ लिहा: ओव्हरफ्लो फ्लॅग या रचनेत समाविष्ट नाही.

तिसरी मर्यादा बोर्डवर सर्वांत लवकर दिसते आणि अहवालात सर्वांत कमी लिहिली जाते. `C4` चा एलईडी मल्टिप्लेक्सरमधून जात नाही. तो थेट बेरीजकारकाला जोडलेला असतो. बेरीजकारक तर अँड आणि ऑरच्या वेळीही मागे आपले काम करतच असतो. `A = 1100` आणि `B = 0010` ठेवून ऑर निवडा. उत्तर `1110` बरोबर येते, पण हातच्याचा एलईडी पेटलेला दिसतो, कारण त्या वेळी `S0` एक असल्यामुळे बेरीजकारक १२ वजा २ करत असतो. विद्यार्थी इथे जोडणी उपसायला घेतात. प्रस्तावनेत “हातच्याचा सूचक फक्त बेरीज आणि वजाबाकी यांसाठी अर्थपूर्ण आहे” हे एक वाक्य असले, की तोच दिवा दोष राहत नाही.

याला लागूनच एक खरा दोष सांगतो, कारण तो प्रस्तावनेतल्या वर्णनामुळे पकडता येतो. ऑर गेटाला मूळ `B` न देता उलटवण्याच्या गेटातून आलेला `B` दिला, तर ऑरच्या वेळी `S0` एक असल्यामुळे `B` उलटा जातो आणि `1010` ऑर `0101` चे उत्तर `1111` ऐवजी `1010` येते. अँडच्या वेळी `S0` शून्य असल्यामुळे हीच चूक तिथे लपून राहते. “तार्किक क्रियांना `B` थेट दिला आहे” असे प्रस्तावनेत लिहायला बसलात, की ती तार बोर्डवर खरोखर कुठे जाते हे तुम्ही एकदा पाहालच.

सहावी पायरी: उद्दिष्टे मोजता येतील अशी

“एएलयूचे कार्य समजून घेणे” हे उद्दिष्ट निष्कर्षात पूर्ण झाले की नाही, हे कोणालाच दाखवता येत नाही. उद्दिष्टात आकडा असावा. या एएलयूला `A` चे चार, `B` चे चार आणि निवडीचे दोन असे दहा इनपुट आहेत, म्हणजे एकूण १०२४ स्थिती होतात. प्रत्येकीला १५ सेकंद धरले तरी हाताने सगळ्या तपासायला सव्वाचार तासांहून अधिक लागतील. म्हणून “सर्व स्थितींत पडताळणी” असे लिहिणे बहुधा खोटे ठरते. त्याऐवजी प्रत्येक क्रियेसाठी आठ जोड्या, अशी ३२ निरीक्षणे घेतली असतील तर तसेच लिहा आणि त्या जोड्या कशा निवडल्या तेही सांगा. काठावरच्या जोड्या त्यात हव्यातच: `1111 + 0001`, जिथे उत्तर शून्य आणि हातचा एक येतो; `0111 + 0001`, जिथे चिन्हांकित पल्ला ओलांडला जातो; आणि `1000 - 0001`, जिथे तो खालच्या बाजूने ओलांडला जातो.

पूर्ण नमुना

वरील पायऱ्यांनी सहा आयसींच्या परिपथासाठी प्रस्तावना अशी तयार होते:

> या प्रकल्पात चार बिटांच्या दोन संख्या, `A` आणि `B`, यांच्यावर बेरीज, वजाबाकी, अँड आणि ऑर या चार क्रिया करणारा एएलयू टीटीएल आयसी वापरून ब्रेडबोर्डवर बांधला आहे. क्रियेची निवड `S1` आणि `S0` या दोन रेषांनी होते. १९७० मध्ये उपलब्ध झालेला 74181 हा एका चिपवरचा एएलयूही चार बिटांचाच होता आणि असे अनेक आयसी जोडून अधिक बिटांचे संगणक तयार करण्यात आले. त्यामुळे चार बिटांची रचना ही मोठ्या एएलयूचा मूळ तुकडा म्हणून अभ्यासण्याजोगी आहे.
>
> बेरीज आणि वजाबाकी यांसाठी स्वतंत्र परिपथ न वापरता दोन्ही क्रिया एकाच समांतर बेरीजकारकाने करणे, हा या रचनेतील मुख्य निर्णय होता. त्यासाठी `B` चे बिट एक्सऑर गेटांमधून बेरीजकारकाला दिले असून त्या गेटांचे नियंत्रण आणि बेरीजकारकाचा सुरुवातीचा हातचा हे दोन्ही `S0` ला जोडले आहेत. `S0` एक असताना `B` चे टूज कॉम्प्लिमेंट `A` मध्ये मिळवले जाते. तार्किक क्रियांना `B` थेट दिला आहे आणि अंतिम उत्तर प्रत्येक बिटासाठी एक, अशा चार मल्टिप्लेक्सरांनी निवडले जाते.
>
> इनपुट आणि उत्तरे या अहवालात चिन्हरहित मानली आहेत. वजाबाकीचे उत्तर ऋण असल्यास त्याचे परिमाण टूज कॉम्प्लिमेंट घेऊन वाचावे. वजाबाकीत `C4` शून्य असणे म्हणजे उसना घ्यावा लागणे होय. `C4` फक्त बेरीज आणि वजाबाकी यांच्या वेळी अर्थपूर्ण आहे. ओव्हरफ्लो फ्लॅग समाविष्ट नाही. प्रत्येक क्रियेसाठी काठावरच्या मूल्यांसह आठ, अशा एकूण ३२ निरीक्षणांनी परिपथाची पडताळणी करणे हे प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे.

हा नमुना एका पानात मावतो. त्यात निकाल नाहीत, कारण ३२ पैकी किती उत्तरे बरोबर आली हे सांगण्याची जागा पुढे आहे. तो उतरवून घेऊ नका. तुमच्या बोर्डवर एक्सऑर ही पाचवी क्रिया असेल किंवा उत्तर सात खंडांच्या डिस्प्लेवर दिसत असेल, तर यातली निम्मी वाक्ये तुमच्यासाठी चुकीची ठरतील.

कधी लिहावी आणि कशी तपासावी

कोऱ्या पानावरची उत्तरे बांधणीच्या दिवशीच लिहावीत, पण प्रस्तावना पक्की करावी ती निरीक्षण तक्ता पूर्ण झाल्यावर. बांधताना रचना बदलते. सुरुवातीला ठरवलेला ओव्हरफ्लो फ्लॅग वेळ न उरल्याने गळतो किंवा संपलेल्या 7432 च्या जागी गेटांची दुसरी जुळणी येते, आणि आधी लिहिलेली प्रस्तावना जुन्याच परिपथाचे वर्णन करत राहते.

तपासताना प्रस्तावना, आकृती आणि सामानाची यादी असे तीन कागद शेजारी ठेवा. प्रस्तावनेतल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून त्याचा पुरावा उरलेल्या दोन कागदांत किंवा निरीक्षण तक्त्यात शोधा. “चार क्रिया” म्हटले असेल तर तक्त्यात चार भाग हवेत, “३२ निरीक्षणे” म्हटले असेल तर ओळी मोजा, “मल्टिप्लेक्सर” म्हटले असेल तर यादीत 74153 चे दोन आयसी आहेत का ते पाहा. नंतर गटातल्या ज्याने ती लिहिलेली नाही त्याला प्रस्तावना वाचायला द्या आणि आकृती न दाखवता ठोकळाकृती काढायला सांगा. त्याने `S0` ची रेषा एक्सऑर गेटांकडे आणि बेरीजकारकाच्या हातच्याकडे, अशी दोन्हीकडे नेली तर दुसरा परिच्छेद नीट उतरला आहे. ती रेषा फक्त मल्टिप्लेक्सरकडे गेली, तर त्या परिच्छेदातले कोणते वाक्य त्याला कळले नाही हे त्यालाच विचारा आणि ते पुन्हा लिहा.